दोन्हीकडे १२८ बिट, मग वेप दोन मिनिटांत का फुटतं?

पावणे एमआयडीसीतल्या एका गोदामात ऑफिसच्या काचेवर आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर २६ अक्षरं आहेत, सगळी शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ यांतली. ही तिथल्या वायफायची की. माल आत-बाहेर करताना पोरं ज्या हातातल्या बारकोड स्कॅनरनं खोकी मारतात, ते स्कॅनर याच वायफायवर चालतात. मी तिथे केबलिंगच्या कामाला गेलो होतो. मॅनेजर म्हणाले, "आमचं सगळं १२८ बिट आहे हां. बँकेचंही तेवढंच असतं ना?"

प्रश्न रास्त आहे. राउटरच्या सिक्युरिटीच्या यादीत `WEP 128-bit`, म्हणजे वेप, असा एक पर्याय असतो आणि खाली `WPA2-PSK (AES)` असा दुसरा. या दुसऱ्यात मजकूर झाकायची पद्धत म्हणजे एईएस, आणि तिची की १२८ बिटचीच असते. आकडा तोच. पण पहिल्याची की कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर दोन-तीन मिनिटांत बाहेर येते, आणि दुसऱ्यातलं एईएस गेल्या वीस वर्षांत कुणालाही फोडता आलेलं नाही. फरक कीच्या लांबीत नाही, ती की कशी वापरली जाते यात आहे. हे एकदा नीट कळलं की पुढच्या सगळ्या डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए-२, डब्ल्यूपीए-३ च्या भानगडी आपोआप उलगडतात. म्हणून आधी वेपवरच जरा निवांत थांबू.

वेप आत काय करतं

वेप १९९७ च्या पहिल्या वायफाय मानकातच आलं. त्याचं इंजिन म्हणजे आरसी-४ नावाची पद्धत. आरसी-४ ला एक की दिली की ते बाइट्सची एक लांबलचक, गोंधळलेली दिसणारी रांग ओकत राहतं. या रांगेला की-स्ट्रीम म्हणतात. तुमचा मजकूर आणि ही की-स्ट्रीम बिटला बिट लावून एक्सऑर करायची: दोन्ही बिट सारखे असले तर शून्य, वेगळे असले तर एक. जे निघेल ते हवेत सोडायचं. पलीकडच्याकडे तीच की असल्यामुळे तो तीच की-स्ट्रीम तयार करतो, पुन्हा एक्सऑर करतो आणि मूळ मजकूर परत मिळवतो.

एक्सऑरचा एक गुण इथे फार महत्त्वाचा आहे. मजकूर, की-स्ट्रीम आणि हवेतला बाइट या तिघांपैकी कुठलेही दोन माहीत असले की तिसरा फुकट मिळतो. आणि मजकुराचा पहिला बाइट सगळ्यांनाच माहीत असतो. वायफायवरून जाणाऱ्या जवळपास प्रत्येक डेटा पॅकेटच्या सुरुवातीला एक ठरावीक हेडर असतं आणि त्याचा पहिला बाइट `AA` असतो. म्हणजे गोदामाबाहेर ट्रकमध्ये बसलेल्या माणसाला असं करता येतं:

```
हवेत पकडलेला बाइट : 00011000
माहीत असलेला AA   : 10101010
-------------------------------
की-स्ट्रीमचा बाइट  : 10110010
```

की अजून त्याला माहीत नाही. पण की-स्ट्रीमचा तुकडा हाती लागला. इथे फक्त एक बाइट दाखवला आहे, पण हेडरचे पहिले आठही बाइट्स असेच ओळखीचे असतात.

तुम्ही म्हणाल, एका पॅकेटचा तुकडा मिळून काय होणार, पुढच्या पॅकेटला की-स्ट्रीम वेगळीच असेल. तसंच असायला हवं होतं. अशा पद्धतींचा पहिला नियमच तो आहे: एक की-स्ट्रीम आयुष्यात एकदाच वापरायची. दोनदा वापरली तर दोन हवेतले संदेश एकमेकांशी एक्सऑर केल्यावर की-स्ट्रीम दोन्हीकडून कटते आणि उरतात ते दोन मूळ मजकूर एकमेकांत मिसळलेले. त्यांतला एक माहीत असला की दुसरा वाचला गेला. की कितीही बिटची असो, तिला हातही लावावा लागत नाही.

तीन बाइट्सची कंजूषी

आता अडचण बघा. गोदामातली की काचेवर चिकटवलेली, वर्षानुवर्षं तीच. तीच की दिली तर आरसी-४ दर वेळी तीच रांग ओकणार. मग प्रत्येक पॅकेटला वेगळी की-स्ट्रीम आणायची कुठून? वेप करणाऱ्यांनी यावर तोडगा काढला तो असा: प्रत्येक पॅकेटसाठी एक २४ बिटचा, म्हणजे तीन बाइट्सचा आकडा घ्यायचा, तो गुप्त कीच्या पुढे जोडायचा आणि ती जोडकी आरसी-४ ला द्यायची. या आकड्याला आयव्ही म्हणतात. पलीकडच्याला तो कळायला हवा, म्हणून तो पॅकेटसोबत उघडाच पाठवायचा.

मॅनेजरांचे १२८ बिट इथेच गळतात. २६ अक्षरं म्हणजे १०४ बिट. वरचे २४ बिट या उघड्या आयव्हीचे. राउटरच्या यादीत मात्र बेरीज करून १२८ लिहिलेलं असतं. जुन्या ६४ बिटच्या वेपमध्ये तर खरी की ४० बिटचीच असायची, कारण त्या काळी अमेरिकेतून त्याहून मोठ्या कीची उपकरणं बाहेर पाठवायला कायद्याचा अडसर होता.

पण २४ बिट गेले याचं दुःख नाही. दुःख हे आहे की २४ बिटमध्ये फक्त १,६७,७७,२१६ वेगवेगळे आकडे बसतात. ऐकायला खूप वाटतात. बऱ्यापैकी वर्दळीच्या वायफायवर सेकंदाला ५०० पॅकेट्स धरली तर सगळे आकडे साधारण नऊ तासांत संपतात आणि मग पुन्हा तेच येऊ लागतात. उपकरण जर आयव्ही यदृच्छेनं निवडत असेल तर त्याहून वाईट: सुमारे ४,८०० पॅकेट्सनंतरच एखादा आयव्ही दुसऱ्यांदा आलेला असण्याची शक्यता अर्धी होते. ५०० च्या वेगानं ती दहा सेकंदांची गोष्ट आहे. काही कार्डं तर चालू केली की शून्यापासून मोजायला लागायची, म्हणजे दर सकाळी पुन्हा त्याच की-स्ट्रीम्स. एकदाच वापरायचा नियम मोडायला कुणी हल्लेखोर लागतच नव्हता, वेप तो स्वतःच मोडत होतं.

तरीही हे सगळं झालं निवडक पॅकेट्स वाचण्यापुरतं. काचेवरच्या कागदावरची ती २६ अक्षरं काढणं हा पुढचा भाग आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात सुंदर भागही तोच.

की एकेक बाइट करून बाहेर येते

आरसी-४ सुरू होतं ते ० ते २५५ या आकड्यांच्या एका सरळ ओळीनं. मग की हाती घेऊन ते ही ओळ पिसतं. २५६ अदलाबदली होतात आणि कुठल्या अदलाबदलीत कोण कुठे जाणार हे कीचे बाइट्स क्रमानं ठरवतात. पिसून झाल्यावर त्या ओळीतून की-स्ट्रीम निघू लागते.

वेपमध्ये कीचे पहिले तीन बाइट्स म्हणजे आयव्ही आणि तो उघडा. म्हणजे पहिल्या तीन अदलाबदली ट्रकमधल्या माणसालाही जशाच्या तशा करून बघता येतात. चौथ्या अदलाबदलीत पहिल्यांदा गुप्त कीचा पहिला बाइट कामाला लागतो. २००१ मध्ये स्कॉट फ्लुहरर, इत्सिक मँटिन आणि अदी शमीर यांनी दाखवून दिलं की काही आयव्ही असे आहेत की त्यांच्यामुळे ओळ एका विशिष्ट अवस्थेत येते आणि चौथ्या अदलाबदलीत जे घडतं ते की-स्ट्रीमच्या पहिल्याच बाइटमध्ये डोकावतं. उदाहरणार्थ आयव्हीचे तीन बाइट्स ३, २५५ आणि तिसरा काहीही असा असला, तर की-स्ट्रीमच्या पहिल्या बाइटवरून मागे गणित करून कीचा पहिला बाइट काय असावा याचा अंदाज बांधता येतो. हा अंदाज शंभरात साधारण पाच वेळा खरा निघतो. डोळे मिटून ठोकलेला अंदाज अडीचशेत एकदा खरा ठरला असता.

शंभरात पाच म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण अशा प्रत्येक पॅकेटचा अंदाज एक मत म्हणून मोजा. चुकीचे अंदाज २५५ आकड्यांमध्ये विखुरतात, खरा मात्र पुन्हा पुन्हा येतो. अशी काही डझन पॅकेट्स जमली की एक आकडा बाकीच्यांच्या वर स्पष्ट उठून दिसतो. तो कीचा पहिला बाइट. आता तो माहीत झाला, म्हणजे चौथी अदलाबदलही करता येते. मग ४, २५५ वाले आयव्ही शोधायचे आणि दुसऱ्या बाइटसाठी तेच करायचं. असं तेरा वेळा.

१०४ बिटची की सरळ अंदाजानं शोधायची तर दोनचा १०४ वा घात इतके प्रयत्न लागतील, ते पृथ्वीवरचे सगळे संगणक लावूनही होणार नाहीत. पण की एकेक बाइट करून बाहेर येत असेल तर प्रत्येक बाइटला २५६ पर्याय आणि बाइट तेरा. काम घातांकानं वाढायच्या ऐवजी नुसत्या बेरजेनं वाढतं. म्हणून ४० बिटवरून १०४ बिटवर जाऊन वेपची सुरक्षा वाढली नाही, हल्लेखोराचं काम जेमतेम अडीच-तीन पट झालं. मॅनेजरांनी ५०० अक्षरांची की ठेवली असती तरी पद्धत हीच राहिली असती.

पुढे पद्धत आणखी धारदार झाली. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या विद्यापीठातल्या तिघांनी, एरिक टेव्स, राल्फ-फिलिप वाइनमान आणि आंद्रेई पिश्किन यांनी, असं गणित मांडलं की ज्याला ३, २५५ सारखे खास आयव्ही लागतच नाहीत, कुठलंही पॅकेट चालतं. ४०,००० पॅकेट्स मिळाली की १०४ बिटची की निघण्याची शक्यता निम्मी, ८५,००० मिळाली की ९५ टक्के.

रात्रीचं गोदाम

मॅनेजरांचा पुढचा मुद्दा होता की आमच्याकडे एवढी पॅकेट्स असतातच कुठे. स्कॅनर एक बारकोड मारतो आणि गप्प बसतो, रात्री तर सगळं बंदच. खरं आहे. पण वेपमध्ये आणखी एक मोठं भोक आहे: तेच पॅकेट पुन्हा आलं तर ते जुनं आहे हे ओळखायची सोयच नाही.

नेटवर्कमधली उपकरणं एकमेकांचा पत्ता विचारायला एआरपी नावाची छोटीशी हाक मारतात. वेपनं ती झाकलेली असली तरी झाकल्यानं लांबी लपत नाही, आणि ही हाक सगळ्यांना उद्देशून आहे हे उघड्या पत्त्यावर दिसतंच. म्हणजे आत काय आहे ते न वाचताही "ही एआरपीची हाक" हे बाहेरून कळतं. ट्रकमधला माणूस अशी एक हाक पकडतो आणि जशीच्या तशी राउटरकडे परत फेकतो. राउटर ती खरी समजतो, उघडतो, सगळ्यांना ऐकवायची म्हणून पुन्हा झाकतो आणि पाठवतो. झाकताना नवा आयव्ही घेतो. प्रत्येक फेकीला एक नवं पॅकेट, नवा आयव्ही, आणि आतला मजकूर ओळखीचा. एआरपीच्या हाकेचे पहिले सोळा बाइट्स ठरलेले असतात, आणि १०४ बिटची की काढायला पंधराच बाइट्सची की-स्ट्रीम लागते. इतकं जुळून आलेलं आहे की कुणी मुद्दाम ठरवून केल्यासारखं वाटावं.

सेकंदाला ५०० हाका धरल्या तर ४०,००० पॅकेट्स जमायला ८० सेकंद लागतात आणि ८५,००० जमायला तीन मिनिटांहून थोडं कमी. स्कॅनर झोपलेले असले तरी चालतं, रात्रभरात एक हाक हवेत आली की पुरे. आणि हे होत असताना गोदामात काहीही वेगळं दिसत नाही. फार तर रिकाम्या वेळी राउटरचा वायफायचा दिवा सतत लुकलुकताना दिसेल, आणि ते बघायला रात्री कोण बसतंय? दुसऱ्याच्या वायफायवर हा प्रयोग करणं आयटी कायद्याखाली गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

स्कॅनरमुळे वेप चालू ठेवणारं हे पहिलं ठिकाण नाही. अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानसाखळीतून साडेचार कोटींवर कार्डांचे तपशील चोरीला गेल्याचं २००७ मध्ये बाहेर आलं, तेव्हा चौकशीत दुकानातल्या वायफायला वेपच लावलेलं असल्याचं आढळलं होतं. कार्ड पेमेंटच्या सुरक्षा नियमांनी शेवटी ३० जून २०१० नंतर वेप वापरायलाच बंदी घातली.

आपल्या बाजूची गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेली ईमेल सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या वायफायवरून गेल्याचं निघालं. राहणाऱ्याचा काही संबंध नव्हता, त्याचं वायफाय उघडं होतं इतकंच. त्यानंतर वायफायला पासवर्ड लावा अशी एकच हाकाटी झाली आणि २००९ मध्ये दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना वायफायबद्दल सूचना काढल्या. लावा हे सगळ्यांनी ऐकलं, कुठला लावा हे फार थोड्यांनी विचारलं. त्या वेळच्या बऱ्याच राउटरच्या यादीत वेप सगळ्यात वर असायचं, आणि डार्मस्टाटची पद्धत तेव्हा वर्षाहून जुनी झाली होती.

गोदामातले स्कॅनर जुन्या विंडोज सीईवर चालणारे आहेत, त्यांना वेपशिवाय दुसरं काही कळत नाही आणि कंपनीनं त्यांचे अपडेट केव्हाच थांबवलेत. तिथे दोनच मार्ग होते. एक, स्कॅनरसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट, वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवर वेगळं पाडलेलं नेटवर्क, आणि फायरवॉलमध्ये त्या व्हीलॅनमधून फक्त स्टॉकच्या सर्व्हरच्या एकाच पोर्टपर्यंत वाट. हवेतला भाग उघडाच आहे असं धरून चालायचं. दुसरा, स्कॅनरचं वायफाय बंदच करायचं, दिवसभराचे बारकोड त्याच्याच मेमरीत साठवायचे आणि क्रेडलवर ठेवून केबलनं उतरवायचे. मी दुसऱ्याच्या बाजूनं होतो. पहिल्यात सहा महिन्यांनी कुणीतरी प्रिंटर लावायला म्हणून फायरवॉलमध्ये भोक पाडतंच.

ठिगळ आणि नवं कापड

२००१ नंतर वेप गेलं हे सगळ्यांना कळलं होतं, पण कोट्यवधी कार्डं विकली गेली होती आणि त्यांच्या चिपमध्ये आरसी-४ कोरलेलं होतं. म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं. त्यातली टीकेआयपी ही पद्धत त्याच आरसी-४ वर चालते, पण प्रत्येक पॅकेटची की नीट घुसळून वेगळी करते आणि आयव्हीच्या जागी ४८ बिटचा मोजणारा आकडा वापरते, त्यामुळे जुनं पॅकेट परत फेकता येत नाही. मजकुरात कुणी ढवळाढवळ केली का हे तपासायला मायकेल नावाची तपासणी आली. पण ती जुन्या दुबळ्या चिपवर चालायला हवी म्हणून मुद्दाम हलकी ठेवली. इतकी हलकी की सोबत एक नियम घालावा लागला: एका मिनिटात दोन खोटी पॅकेट्स आढळली तर वायफाय साठ सेकंद बंद. २००८ मध्ये मार्टिन बेक आणि टेव्स यांनी टीकेआयपीतलं छोटं पॅकेट बारा-पंधरा मिनिटांत उलगडून दाखवलं. पासवर्ड त्यातून निघत नाही, म्हणजे वेपइतकी वाईट अवस्था नाही, पण तात्पुरतं ठिगळ म्हणून आणलेली गोष्ट आजही काही राउटरमध्ये चालू असते.

ती ओळखायची एक सोपी खूण आहे. टीकेआयपी किंवा वेप असेल तर ८०२.११एन आणि पुढचे वेग वापरायला मनाई आहे. त्यामुळे ३०० एमबीपीएसचा प्लॅन, राउटरही बरा, लॅपटॉप राउटरच्या शेजारी, आणि तरी लिंक ५४ एमबीपीएसवर अडकलेली असेल तर आधी सिक्युरिटीची सेटिंग उघडा. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत लोक महिनाभर केबलवाल्याशी भांडत होते, दोष `TKIP` या एका शब्दात होता.

२००४ मधलं डब्ल्यूपीए-२ हे नव्यानं विणलेलं कापड. आरसी-४ गेलं, एईएस आलं, आणि ते वापरायची पद्धत सीसीएमपी. यातही शेवटी की-स्ट्रीम तयार करून एक्सऑरच करतात, पण पॅकेटचा ४८ बिटचा क्रमांक दर वेळी पुढेच जातो, प्रत्येक उपकरणाला जोडणीच्या वेळी नवी की मिळते, आणि पॅकेट बदललेलं आहे का याची तपासणीही एईएसनंच होते. की-स्ट्रीम दोनदा येण्याचा मार्गच बंद केला. एईएसमध्ये कीचा बाइट आउटपुटमध्ये डोकावत नाही, त्यामुळे मतं मोजून काही हाती लागत नाही.

आणि तरीही २०१७ मध्ये तो नियम पुन्हा मोडला. बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहूफनं दाखवलं की जोडणीच्या वेळी होणाऱ्या चार संदेशांपैकी तिसरा पुन्हा पाठवला तर फोन किंवा लॅपटॉप तीच की नव्यानं बसवतो आणि पॅकेटचा क्रमांक सुरुवातीला नेतो. क्रमांक तोच, की तीच, म्हणजे की-स्ट्रीमही तीच. हल्ल्याचं नाव क्रॅक. मला यातली गंमत अशी वाटते की एईएसला कुणी हात लावला नाही, वीस वर्षांपूर्वीची वेपची चूकच दुसऱ्या दारानं आत आली. दुरुस्ती सॉफ्टवेअर अपडेटनं झाली. ज्या फोनला २०१७ नंतर अपडेटच आलेलं नाही तो मात्र तसाच आहे.

डब्ल्यूपीए-२ चं खरं भोक: पासवर्ड

घरातल्या डब्ल्यूपीए-२ ला आज जो धोका आहे तो या कशातून येत नाही. फोन वायफायला जोडतो तेव्हा पासवर्ड आणि वायफायचं नाव एकत्र करून त्यांच्यावर तेच गणित ४,०९६ वेळा फिरवतात आणि मुख्य की बनवतात. मग दोन्ही बाजू एकेक यदृच्छ आकडा पाठवतात, त्यातून त्या जोडणीपुरती की तयार होते आणि दोघं ती बरोबर असल्याचा पुरावा एकमेकांना देतात. पासवर्ड हवेत कधीच जात नाही. पण ते दोन आकडे आणि तो पुरावा जातो. हे कुणी टिपून घेतलं की त्याला तुमच्या दारात थांबायची गरज उरत नाही. कुलूपच उचलून घरी न्यावं आणि तिथे आरामात एकेक किल्ली लावून बघावी तसं. बरोबर पासवर्ड लागला की पुरावा जुळतो.

४,०९६ वेळांचं गणित हा प्रत्येक प्रयत्न महाग करण्यासाठी आहे. आजचं एक दमदार गेमिंग ग्राफिक्स कार्ड तरीही सेकंदाला दहा लाखांच्या पुढे प्रयत्न करतं. दहा लाखच धरून आपल्याकडचे पासवर्ड तपासून पाहू.

नवी मुंबईत गाडीचा नंबर ठेवणारे पुष्कळ आहेत, एमएच४३, मग दोन अक्षरं, मग चार आकडे. दोन अक्षरांचे ६७६ पर्याय, चार आकड्यांचे दहा हजार, मिळून ६७ लाख ६० हजार. सात सेकंद. ठाण्याचा एमएच०४ धरला तर आणखी सात. मोबाइल नंबर ठेवणाऱ्यांना वाटतं दहा आकडी म्हणजे भक्कम. भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ नं सुरू होतात, म्हणजे ४०० कोटी पर्याय. ४,००० सेकंद, एक तास सात मिनिटं. आणि तो नंबर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असेल तर शून्य सेकंद. आता कशाशीही संबंध नसलेली बारा लहान इंग्रजी अक्षरं घ्या, नाण्याच्या फेकीसारखी खरोखर यदृच्छ. २६ चा बारावा घात, त्याच वेगानं सुमारे ३,००० वर्षं. शंभर कार्डं लावली तरी तीस वर्षं. ना चिन्हं लागली, ना कॅपिटल.

राउटरवरचं डब्ल्यूपीएस हे पासवर्ड न टाकता उपकरण जोडायचं बटण मात्र या सगळ्याला वळसा घालतं. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्ये स्टेफान फीबॉक यांनी दाखवलं. डब्ल्यूपीएस बंद ठेवा.

डब्ल्यूपीए-३ नं काय बदललं

२०१८ मध्ये जाहीर झालेल्या डब्ल्यूपीए-३ नं नेमकी ही कुलूप घरी न्यायची सोय काढून घेतली. त्यातली एसएई ही देवाणघेवाण अशी रचली आहे की टिपून घेतलेल्या संदेशांवरून पासवर्डचा अंदाज पडताळताच येत नाही. एक अंदाज पडताळायचा तर राउटरशी एकदा प्रत्यक्ष बोलावं लागतं, आणि राउटर सेकंदाला दहा लाख वेळा कुणाशी बोलत नाही. शिवाय उद्या पासवर्ड फुटला तरी आज टिपून ठेवलेली पॅकेट्स उघडत नाहीत. जुलै २०२० पासून वायफाय प्रमाणपत्र घेणाऱ्या नव्या उपकरणांना हे सक्तीचं आहे. २०१९ मध्ये व्हॅनहूफ आणि एयाल रोनेन यांनी यातही फटी दाखवल्या, त्या बहुतांश अमलबजावणीतल्या होत्या आणि नव्या आवृत्त्यांत बुजवल्या गेल्या.

तुमच्याकडे काय चालू आहे हे विंडोजवर असं दिसतं:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात `Authentication` समोर `WPA2-Personal` किंवा `WPA3-Personal` हवं आणि `Cipher` समोर `CCMP`. तिथे `WEP` किंवा `TKIP` दिसलं तर राउटर उघडायची वेळ झाली. आयफोनवर वायफायच्या नावाखाली `Weak Security` असं येतं. राउटरमध्ये `TKIP+AES` असा मिश्र पर्याय टाळा. त्यात तुमचा फोन एईएसवर असला तरी सगळ्यांना एकदम जाणारी पॅकेट्स टीकेआयपीनंच झाकली जातात, कारण सगळ्यात जुन्या उपकरणाला ती कळायला हवीत.

`WPA2/WPA3` हा मिश्र पर्याय मात्र बहुतेक घरांत सध्या ठेवावाच लागतो, जुना टीव्ही किंवा स्मार्ट प्लग नुसत्या डब्ल्यूपीए-३ ला जोडत नाही. फक्त हे लक्षात ठेवा की या मिश्र अवस्थेत पासवर्ड दोन्हींचा एकच असतो. कुणी त्याच नावाचं खोटं डब्ल्यूपीए-२ वायफाय उभं करून एखाद्या उपकरणाला तिकडे ओढलं, तर डब्ल्यूपीए-२ चा पुरावा पुन्हा हवेत येतो आणि गाडीच्या नंबराचं गणित तेच राहतं, सात सेकंद. त्यामुळे राउटर डब्ल्यूपीए-३ चा आणला तरी शेवटचं जुनं उपकरण घरातून जाईपर्यंत बारा अक्षरं बाराच राहू द्या, आणि ते गेलं की मिश्र पर्याय काढून नुसतं `WPA3-Personal` करा.